एक भिंग, तीन उत्तरे

प्रयोगशाळेत एकाच बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर तीन पद्धतींनी मोजले, की आकडे सहसा जुळत नाहीत. समजा, खरे अंतर 20 सेंमी आहे. खिडकीबाहेरच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर घेतली, तर 20.5 येते. कारण झाड जेमतेम 8 मीटरवर आहे. तिथून येणारे किरण पुरते समांतर नसतात.

मग मेणबत्ती भिंगापासून 30 सेंमीवर ठेवली. प्रतिमा 60 वर पडते. पण स्टँडवरची खूण भिंगाच्या मध्यापासून अर्धा सेंमी सरकलेली असेल, तर वाचन 30.5 आणि 59.5 होते, उत्तर 20.2.

बेसेलची पद्धत मला सर्वांत आवडते. मेणबत्ती आणि पडदा 100 सेंमी अंतरावर स्थिर ठेवायचे. हे अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून जास्त हवे. भिंग सरकवले की दोन जागी स्पष्ट प्रतिमा मिळते. या जागांमधले अंतर 44.7 सेंमी. f = (D² − d²)/4D यावरून 20.0 येते. इथे केवळ सरकण्याचे अंतर लागते, त्यामुळे खुणेची चूक आपोआप वजा होते.

म्हणून अहवालात तिन्हींची सरासरी काढू नका. बेसेलचे उत्तर द्या आणि बाकीची दोन का वाढली, ते लिहा.