लहान गुणकाचा मोठा हिसका

लुडविग प्रांटल या जर्मन अभियंत्याने 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटासा निबंध वाचला. पाण्याचा चिकटपणा इतका कमी असतो, की समीकरणातून तो वगळावासा वाटतो. पण वगळला, की पाण्यातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला मुळीच अडथळा होत नाही, असं उत्तर येतं. अठराव्या शतकात द'अलांबेर यांनीच ते दाखवून दिलं होतं आणि अनुभव तर नेमका उलटा. प्रांटल यांनी दाखवलं, की वस्तूच्या पृष्ठभागाला लागून एक पातळ थर असतो आणि त्या थरात चिकटपणा वगळून चालतच नाही. हाच सीमास्तर.

असं का होतं, ते एका साध्या समीकरणात लख्ख दिसतं:

εy″ + y′ + y = 0, y(0) = 0, y(1) = 1

ε म्हणजे अगदी लहान संख्या, समजा 0.01. ती नेमकी सर्वांत वरच्या, म्हणजे दुसऱ्या विकलजाला चिकटलेली आहे. ε शून्य धरला, तर y′ + y = 0 एवढंच उरतं. समीकरण दुसऱ्या दर्जाचं होतं, ते पहिल्या दर्जाचं झालं. अशा समीकरणाला दोन टोकांच्या दोन अटी पाळता येत नाहीत, एकच पाळता येते. उजवीकडची अट पाळली तर उत्तर येतं y = e^(1−x). पण x = 0 ला त्याची किंमत 2.718 होते आणि आपल्याला तर तिथे शून्य हवं आहे.

म्हणून डाव्या टोकाशी वक्र झपकन चढतो. तिथे चढ 1/ε इतका तीव्र असतो आणि y″ तर 1/ε² इतका. ε ने गुणल्यावरही εy″ हा y′ च्या तोडीचाच राहतो. वगळलेलं पद तिथे मुख्य पद होऊन बसतं. x = εX असं मोजमाप बदलून तो थर ताणून पाहिला, की उरतं Y″ + Y′ = 0, आणि उत्तर Y = e(1 − e^(−X)). दोन्ही उत्तरं जोडली, की मिळतं:

y ≈ e^(1−x) − e^(1−x/ε)

x = 0.01 ला ही किंमत जवळपास 1.7, तर x = 0.05 ला 2.57. शंभरातल्या पहिल्या पाच भागांतच सगळी चढण संपते. पुढे वक्र सावकाश 1 पर्यंत उतरतो. y′ चं चिन्ह उलटं असतं, तर हा थर उजव्या टोकाला गेला असता.

संगणकावर हे सोडवणारे नेमके इथेच फसतात. अंतर 0.1 ठेवून नेहमीच्या मध्यवर्ती फरकाच्या पद्धतीने आकडे काढले, तर ते खालीवर हेलकावू लागतात. असे हेलकावे दिसले, तर आधी बिंदू कुठे आहेत ते बघा. या समीकरणात दोन बिंदूंमधलं अंतर 2ε पेक्षा, म्हणजे 0.02 पेक्षा, कमी हवं. निदान त्या थरात तरी.