एका घासात न मावणारी फाइल

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गरोदर बायांचे रक्त तपासले की हिमोग्लोबिनचा आकडा वहीतून संगणकात जातो. डोळखांब असो की धसई, आकडा ११ ग्रॅमच्या खाली असेल तर ती बाई रक्तक्षयी, आणि ७ च्या खाली असेल तर तिला गोळ्या देऊन घरी पाठवून भागत नाही. अशा बायांची यादी रोज पहाटे आपोआप ताजी व्हावी, एवढीच साधी अपेक्षा असते. ती का मोडते, हे पाहण्यासारखे आहे.

समजा, वरून येणारी मूळ फाइल सबंध राज्याची आहे. ओळी ६० लाख, आकार दोन जीबी. तालुक्याच्या संगणकाची स्मृती, म्हणजे रॅम, चार जीबी. दोन जीबी चारमध्ये सहज मावेल असे वाटते, पण तसे होत नाही. डिस्कवर नाव, गाव, पत्ता ही नुसती अक्षरे असतात. स्मृतीत उघडताना संगणक मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती स्वतःची नोंद बांधतो, त्यामुळे फाइल कित्येक पट फुगते. मग यंत्रणा तो कार्यक्रम मध्येच बंद करते. रात्री दोन वाजता हे घडल्यावर पाहणारे कोणी नसते. सकाळी पडद्यावर आकडे दिसतात, फक्त ते कालचे असतात. म्हणून ‘शेवटचे अद्ययावत’ ही तारीख आकड्यांच्या शेजारी ठळक दिसली पाहिजे. ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकण्याची हौस कुणाला असते, कोण जाणे.

उपाय म्हणजे फाइल तुकड्यांनी वाचणे. पायथॉन भाषेतल्या पांडाज या साधनात त्यासाठी एक शब्द पुरतो:

```python
pd.read_csv("hb.csv", chunksize=100000)
```

आता एका वेळी एक लाख ओळीच स्मृतीत येतात. त्यांतून ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडच्या ओळी निवडायच्या, लागणारी बेरीज टिपायची, तुकडा सोडून द्यायचा आणि पुढचा घ्यायचा. ६० लाखांचे ६० तुकडे होतात आणि स्मृतीवरचा भार एकाच तुकड्याएवढा राहतो. पत्त्यासारखे न लागणारे रकाने वाचलेच नाहीत तर तो आणखी घटतो.

खरी चूक होते ती टिपण करताना. समजा, एका तुकड्यात शहापूरच्या ४०० बाया आल्या, सरासरी हिमोग्लोबिन १०.४, दुसऱ्यात १०० बाया, सरासरी ९.४. दोन सरासऱ्यांची सरासरी ९.९ येते, आणि ती चुकीची आहे. बेरीज आणि संख्या वेगळ्या टिपल्या तर ४१६० अधिक ९४० म्हणजे ५१००, भागिले ५००, उत्तर १०.२. तुकड्यातून न्यायची ती बेरीज आणि संख्या. भागाकार अगदी शेवटी, एकदाच.

‘सातच्या खाली किती?’ हा प्रश्न त्याहून सोपा वाटतो, कारण मोजणी नुसती जोडत जायची. पण गरोदरपणात एकाच बाईची तपासणी अनेकदा होते. तिची एक ओळ तिसऱ्या तुकड्यात आणि दुसरी चाळिसाव्यात असू शकते. दोन्ही वेळा आकडा सातच्या खाली असेल तर एका बाईच्या दोन बाया होतात. म्हणून या प्रश्नासाठी नुसती संख्या न टिपता तिचा नोंदणी क्रमांक आणि तपासणीची तारीख जवळ ठेवावी लागते, आणि शेवटी प्रत्येकीची सर्वांत अलीकडची ओळच धरायची. दोन तालुक्यांच्या बायांची यादी स्मृतीला जड नाही.

आणखी एक धोका गप्प बसून होणाऱ्या गळतीचा. इंग्लंडमध्ये २०२० च्या २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित दैनंदिन आकड्यांतून सुटले. प्रयोगशाळांकडून आलेल्या लांबलचक फायली एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या, आणि त्या साच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळ बसत नाही. उरलेल्या ओळी गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही तेवढाच लांबला.

म्हणून प्रत्येक तुकड्याच्या ओळी, निवड करण्याआधी, मोजत जायचे आणि शेवटी ती बेरीज पाठवणाऱ्याने कळवलेल्या संख्येशी ताडायची. ६० लाखांऐवजी ५९ लाख भरल्या तर नवा तक्ता लावायचाच नाही. नवा तक्ता आधी वेगळ्या नावाने लिहायचा आणि ताळा जुळल्यावरच जुन्याच्या जागी ठेवायचा. जुळला नाही तर कालची यादी कालच्याच तारखेनिशी पडद्यावर राहते, आणि सकाळी ती तारीख पाहून परिचारिका सरळगावला फोन लावते, काल कोणाचे रक्त तपासले ते विचारायला.