चोच वाढली कोणाची? उत्क्रांतीच्या तासाला विचारायचे तीन प्रश्न

गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य १९७३पासून फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या चोची मोजत होते. १९७७मध्ये तिथे दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या आणि गोखरूच्या जातकुळीतली टणक फळे तेवढी उरली. मध्यम भू-फिंच या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. उरलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी मात्र अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली.

प्रश्न १ : सरासरी वाढली, म्हणजे पक्ष्यांच्या चोची वाढल्या का?

गैरसमज : टणक फळ फोडायची गरज पडली, म्हणून पक्ष्यांनी चोची जाड केल्या.

वस्तुस्थिती : फळ्यावर पाच पक्ष्यांच्या चोचींची जाडी लिहा, समजा ८, ९, ९, १० आणि ११ मिलिमीटर. सरासरी ९.४ येते. आता ८चा आणि एक ९चा पक्षी पुसून टाका, उरलेल्या तिघांची सरासरी १० होते. एकाही पक्ष्याची चोच बदलली नाही, तरी सरासरी वाढली. बेटावर हेच घडले. बारीक चोचीचे पक्षी जास्त संख्येने उपाशी मेले.

प्रश्न २ : मग जाड चोची आल्या कुठून?

गैरसमज : दुष्काळामुळे त्या निर्माण झाल्या.

वस्तुस्थिती : त्या आधीपासून होत्या, दुष्काळापूर्वीच्या मोजमापांत त्यांची नोंद आहे. चोचीची जाडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, म्हणून १९७८मध्ये जन्मलेल्या पिल्लांच्या चोचीही दुष्काळाआधीच्या सरासरीपेक्षा जाड निघाल्या. विद्यार्थ्यांना इथे एक उपप्रश्न जरूर विचारा : सगळ्यांच्याच चोची बारीक असत्या तर? गरज तेवढीच असती, पण निवड व्हायला फरकच नसता. कदाचित सगळेच मेले असते.

प्रश्न ३ : जाड चोचीचा फिंच अधिक प्रगत म्हणायचा का?

गैरसमज : उत्क्रांती म्हणजे सतत सुधारणा.

वस्तुस्थिती : १९८३मध्ये एल निनोमुळे बेटावर धो धो पाऊस पडला आणि पुढे बारीक बियांचे प्रमाण वाढले. त्यानंतरच्या टंचाईत बारीक चोचीचे पक्षी अधिक तगले आणि निवडीची दिशा उलटली. कोणती चोच सरस, हे त्या वर्षी खायला काय मिळते यावर ठरते.

उत्तरे तपासताना वाक्याचा कर्ता बघा. ‘पक्ष्याने चोच वाढवली’ असे लिहिले असेल, तर गैरसमज तसाच आहे. ‘जाड चोचीचे पक्षी जास्त जगले, त्यांची पिल्ले जास्त झाली, म्हणून पुढच्या पिढीत त्यांचे प्रमाण वाढले’ असे लिहिणाऱ्याला नैसर्गिक निवड समजली आहे.