कट कुठे सरकला?

बिस्किटांचे पुडे बांधणाऱ्या जुन्या मशीनवर एकच मोठी मोटर असे आणि चेन, शाफ्ट, गिअर यांनी बाकी सगळं तिला जखडलेलं असे. पुड्याची लांबी बदलायची तर गिअर बदला. आता बिस्किटं ढकलणारी चेन, छापील फिल्म ओढणारा रोलर आणि सील करून कापणारा जॉ, या तिघांना वेगवेगळ्या सर्व्हो मोटरी असतात. गिअर उरला तो कंट्रोलरमधल्या एका गुणोत्तरापुरता.

समजा रोलरचा घेर २०० मिमी आहे आणि पुडा १६० मिमीचा. जॉच्या एका फेरीत एक पुडा कापला जातो, म्हणजे तेवढ्यात रोलरने ०.८ फेरी घ्यायची. जॉच्या पाच फेऱ्यांना रोलरच्या चार. पण फिल्मवरची छपाई १६०.२ मिमीला येत असेल, तर दर पुड्याला ०.२ मिमीची चूक साचत जाते. मिनिटाला १२० पुडे धरले तर २५ सेकंदांत कट १० मिमी सरकून छापलेल्या नावावर येतो. म्हणून फिल्मच्या कडेला काळी खूण छापतात. सेन्सर ती पाहतो आणि रोलरला जरा पुढेमागे करतो. ही सोय चूक झाकूनही ठेवते. ही दुरुस्ती बंद करून थोडे पुडे काढले की गुणोत्तर बरोबर आहे का, ते लगेच कळतं.

कट एकाच जागी चुकत असेल, पण वेग वाढवला की जास्त चुकत असेल, तर गुणोत्तराला हात लावू नये. ड्राइव्ह मोटरची जागा सतत तपासतो, तरी हुकमापेक्षा मोटर थोडी मागे राहतेच. सगळे अक्ष सारखेच मागे असतील तर बिघडत नाही. जॉ फिल्मपेक्षा ५ मिलिसेकंद मागे पडला, तर वरच्या वेगाला १.६ मिमीचा फरक दिसतो, निम्म्या वेगाला ०.८.

सगळ्यात फसवी चूक होमिंगची. होम घेताना जॉ हळू फिरतो, सेन्सरसमोर पट्टी आली की त्यानंतर एन्कोडरची जी पहिली खूण येईल तिला शून्य मानतो. ही खूण मोटरच्या प्रत्येक फेरीत एकदा येते. पट्टीची कड नेमकी त्या खुणेपाशीच असली, तर सेन्सर कधी खुणेआधी लागतो, कधी नंतर, आणि मग शून्य मोटरच्या पूर्ण फेरीने हुकतं. मोटर आणि जॉमध्ये ५:१ चा गिअरबॉक्स असेल तर ते ७२ अंश होतात, फिल्मवर ३२ मिमी. जॉ सरळ बिस्किटांवर येतो. ऑपरेटर पुन्हा होम घेतो, मशीन नीट चालतं, आणि तक्रार आठवडाभर कुणाला पटत नाही.

चूक दर वेळी बरोब्बर ३२ मिमीचीच असेल, तर सॉफ्टवेअर उकरत बसू नका. पट्टी जॉच्या शाफ्टवर ३६ अंशांनी, म्हणजे मोटरच्या अर्ध्या फेरीने फिरवून घट्ट करा आणि होमची जागा नव्याने भरा.