डांबरगोळीचे दोन प्रकाश

रसायनशास्त्राच्या पदवीला स्पेक्ट्रोस्कोपीच्या असाइनमेंटमध्ये हा प्रश्न हमखास असतो: ऊर्जापातळ्यांची आकृती काढून फ्लुओरेसन्स आणि फॉस्फोरेसन्स यांतला फरक स्पष्ट करा. बहुतेक वह्यांत उत्तर एका वाक्यात उरकलेलं असतं. दिवा मालवताच विझतो तो पहिला, मागे रेंगाळतो तो दुसरा. हे खोटं नाही, पण हा झाला परिणाम. प्रकाश रेंगाळतो का, ते आकृतीवरूनच कळतं.

उदाहरणाला नॅप्थलीन घेऊ. जुन्या डांबरगोळ्या याच्याच असत. आकृतीत सगळ्यात खाली एक आडवी रेघ काढायची, ती S₀, म्हणजे रेणूची नेहमीची स्थिती. तिच्या वर सुमारे ३.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर दुसरी रेघ, S₁. तिसरी रेघ T₁ जरा बाजूला सरकवून, सुमारे २.६४ वर. प्रत्येक रेघेवर बारीक रेघांची शिडी असते. त्या रेणूच्या कंपनांच्या पातळ्या.

अतिनील प्रकाश पडला की रेणू S₁ च्या शिडीवर कुठेतरी वरच्या पायरीवर जातो. ही जादा ऊर्जा तो आजूबाजूच्या रेणूंना देऊन टाकतो आणि पाहता पाहता S₁ च्या तळाशी येतो. यात प्रकाश निघत नाही, म्हणून हा बाण नागमोडी. तिथून सरळ S₀ वर उडी मारली तर प्रकाश बाहेर पडतो, तो फ्लुओरेसन्स. १२४० ला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या फरकाने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते: १२४० भागिले ३.९७, म्हणजे सुमारे ३१२. नॅप्थलीनचा फ्लुओरेसन्स इथून सुरू होतो आणि अतिनीलातच राहतो, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. रेणू S₁ वर सरासरी १०० नॅनोसेकंदांच्या आसपास टिकतो.

दुसरी वाट T₁ कडून जाते. S₀ आणि S₁ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोडीचे स्पिन एकमेकांच्या उलट असतात. T₁ मध्ये ते एकाच दिशेचे होतात. एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून लांब राहतात, त्यांच्यातलं अपकर्षण कमी होतं, म्हणून T₁ ची रेघ S₁ च्या खाली येते. अनेक जण S₁ च्या तळापासून थेट T₁ पर्यंत तिरपा बाण काढून मोकळे होतात. खरं तर स्पिन बदलतो त्या क्षणी ऊर्जा तेवढीच राहते. म्हणून आधी आडवा नागमोडी बाण ट्रिपलेटच्या शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत जायला हवा आणि मग शिडी उतरून T₁ चा तळ. परीक्षक ढिला असेल तर हे खपून जातं.

T₁ वरून S₀ वर येताना स्पिन पुन्हा उलटावा लागतो, आणि प्रकाश सोडताना स्पिन उलटणं जवळजवळ निषिद्धच आहे. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची भ्रमणगती यांच्यातल्या क्षीण जोडणीमुळे या नियमाला थोडी फट राहते. म्हणून रेणू T₁ वर अडकून पडतो. शेवटी जो प्रकाश निघतो तो फॉस्फोरेसन्स, १२४० भागिले २.६४, म्हणजे सुमारे ४७० नॅनोमीटरपासून पुढे, हिरवट. आयुष्य सुमारे २.५ सेकंद, म्हणजे फ्लुओरेसन्सच्या अडीच कोटी पट.

हा हिरवा प्रकाश कपाटातल्या गोळीत मात्र दिसत नाही. द्रावणात एवढ्या वेळात रेणूची कुणाशी तरी गाठ पडतेच, आणि विरघळलेला ऑक्सिजन तर T₁ ची ऊर्जा सहज पळवतो. म्हणून द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला, काचेसारख्या गोठणाऱ्या द्रावकात प्रयोग करतात. पोलंडच्या याब्वोन्स्की यांनी १९३० च्या दशकात आकृतीत ही अधली पातळी दाखवली, पण ती ट्रिपलेट आहे हे १९४४ मध्ये बर्कलीच्या ल्युइस आणि काशा यांनी मांडलं.

स्पिनचा मुद्दा पडताळायची एक सोपी युक्ती आहे. नॅप्थलीनवर हायड्रोजनच्या जागी आयोडिनचा अणू बसवा. जड अणुकेंद्राजवळ ती फट रुंदावते आणि फॉस्फोरेसन्सचं आयुष्य काही मिलिसेकंदांवर येतं. T₁ ची उंची फारशी हलत नाही, बाण तोच राहतो, फक्त रेंगाळणं संपतं. तरीही त्याला फॉस्फोरेसन्सच म्हणायचं.

याच्या उलटही घडतं. ऑक्सिजन काढून टाकलेल्या द्रावणात T₁ वरचे दोन रेणू भेटले, तर दोघांची ऊर्जा एकाला मिळून तो S₁ वर चढू शकतो. मग बाहेर पडणारा प्रकाश ३१२ नॅनोमीटरच्या पुढचा, अतिनीलच असतो, पण येतो उशिरा. घड्याळ पाहून उत्तर लिहिणारा विद्यार्थी त्याला फॉस्फोरेसन्स म्हणेल. बाण S₁ वरून S₀ वर येतोय, म्हणून तो फ्लुओरेसन्सच, विलंबित म्हणतात तो.