पावसाळ्यात आमच्याकडे येऊन गेलात, तर रक्तदानाला थांबा का म्हणतात?



दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निरनिराळ्या मंडळ्यांतले तरुण आमच्या गडचिरोलीच्या कामावर आठवडाभर राहायला येतात. कोणी शाळेची भिंत रंगवतात, कोणी आरोग्य शिबिरात हातभार लावतात. घरी परतल्यावर मंडळीत रक्तदान शिबिर ठेवलेले असते आणि तिथे रक्तपेढीची माणसे यांना सांगतात, "आपण आत्ताच गडचिरोलीहून आलात, तर काही महिने थांबा." गेल्या वर्षी एका तरुणाने मला फोन करून जरा रागानेच विचारले, "सिस्टर, मी ठणठणीत आहे, ताप नाही, खोकला नाही. सेवेला गेलो म्हणून माझे रक्त खराब झाले का?" मी या दवाखान्याच्या रक्तपेढीत बरीच वर्षे काम करते. फोनवर सगळे सांगता आले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हिवताप डासामुळे होतो हे आपण शाळेत शिकलो. पण डास हा फक्त वाहक आहे. जंतू राहतो माणसाच्या तांबड्या पेशीत. त्या पेशी पिशवीत भरून दुसऱ्याच्या शिरेत सोडल्या, तर डासाची गरजच उरत नाही. रक्तातून हिवताप गेल्याची पहिली नोंद 1911 सालची आहे, म्हणजे रक्तपेढ्या नीट सुरू होण्याच्याही आधीची. रक्ताची पिशवी आम्ही 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतो. त्या थंडीत हा जंतू काही दिवस, कधी दोन आठवडेही जिवंत राहू शकतो. पिशवी मात्र ताजी असतानाच मागितली जाते, त्यामुळे फ्रीजवर भरवसा ठेवता येत नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. व्हायवॅक्स जातीचा जंतू तर यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो, म्हणून त्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस द्याव्या लागतात. रक्तातून आलेला जंतू यकृताच्या वाटेला जातच नाही, तो थेट तांबड्या पेशीत शिरतो. त्यामुळे रक्तातून व्हायवॅक्स झालेल्या रुग्णाला तो यकृतातून उलटण्याची भीती नसते. पण यकृतातला तो सुरुवातीचा मुक्कामही टळतो आणि रुग्ण मुळातच अशक्त असतो, म्हणून आजार अंगावर लवकर आणि जोरात येऊ शकतो.

आता त्या तरुणाचा प्रश्न. पुण्यात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला फाल्सिपेरम हिवताप झाला, तर बहुतेक वेळा महिन्याभरात, उशिरात उशिरा दोन-तीन महिन्यांत ताप येतोच. त्याच्या शरीराला या जंतूची सवय नसते, म्हणून ते गप्प बसत नाही. थांबायला सांगतात ते यासाठीच. या काळात आजार स्वतःहून बाहेर पडतो, माणूस डॉक्टरकडे जातो आणि रक्तदानाला येत नाही. अमेरिकेत प्रत्येक पिशवीची हिवताप तपासणी करत नाहीत, तिथे सगळी भिस्त या प्रश्नावरच आहे: कुठे गेला होतात आणि कधी परतलात? तिथली प्रवाशांची मुदत पूर्वी 12 महिने होती, 2020 मध्ये ती 3 महिने केली. इंग्लंडमध्ये काही महिने थांबवून मग प्रतिपिंडांची तपासणी करतात आणि ती निर्दोष आली तरच रक्त घेतात.

आपल्या देशात उलट पद्धत आहे. इथे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे, आणि हिवताप झालेल्या माणसाला पूर्ण बरे झाल्यानंतर 3 महिने थांबवतात. "मग तपासणी होतेच, तर थांबवता कशाला?" असे तुम्ही विचाराल. तपासणी काय करते ते सांगते. मी काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर जागा पाहते. त्या शंभर जागांत मिळून जेमतेम पाव मायक्रोलिटर रक्त असते. पिशवीत असते 350 मिलिलिटर, म्हणजे साडेतीन लाख मायक्रोलिटर. समजा दर दहा मायक्रोलिटरला एकच जंतू आहे. माझ्या काचेवर तो सापडण्याचा संभव फार कमी, पण पिशवीत 35 हजार जंतू असतात, आणि रोग व्हायला तेवढेही लागत नाहीत. रॅपिड किटचेही असेच. जंतू बरेच असतील तर ते झटपट रेघ दाखवते, थोडे असतील तर गप्प राहते. शिवाय फाल्सिपेरमच्या किटची रेघ उपचारानंतर काही आठवडेही दिसत राहू शकते, म्हणून कधी कधी बरा झालेला दाताही परत पाठवावा लागतो.

जंतू थोडे आणि ताप नाही, असा माणूस कोण? शहरातला बहुधा नाही. लहानपणापासून दर पावसाळ्यात हिवताप सोसलेला इथला प्रौढ माणूस. त्याच्या शरीराने जंतूशी एक प्रकारची तडजोड केलेली असते. तो जंगलात जातो, नांगर धरतो आणि रक्तात जंतू बाळगतो. अमेरिकेत हिवतापाच्या देशात वाढलेल्या माणसासाठी वेगळी आणि लांब, तीन वर्षांची मुदत आहे, ती याच कारणाने. आम्हाला तो मार्ग नाही. इथे राहणाऱ्या सगळ्यांनाच थांबवले, तर रक्त द्यायला उरेल कोण?

एक प्रसंग सांगते. नऊ वर्षांची सिकलसेलची मुलगी जानेवारीत आमच्याकडे आली. वजन 18 किलो, हिमोग्लोबिन 4.8. तिला एक पिशवी तांबड्या पेशी दिल्या, हिमोग्लोबिन सव्वासातच्या पुढे गेले आणि चौथ्या दिवशी ती घरी गेली. रक्त दिल्यापासून तेराव्या दिवशी वडील तिला पुन्हा घेऊन आले. अंगात 103 ताप होता. सिकलसेलच्या मुलाला ताप आला की डॉक्टर आधी जंतुसंसर्ग धरतात आणि ते बरोबरच आहे, म्हणून प्रतिजैविक सुरू झाले. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही आणि हिमोग्लोबिन 5.1 वर आले. इतक्या लवकर इतके उतरायला नको होते. काचपट्टी केली, तर तांबड्या पेशींत फाल्सिपेरमच्या बारीक अंगठ्या दिसल्या. त्याच संध्याकाळी एसीटीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी मुलगी बसून पेज प्यायली.

मग पिशवीचा माग काढायचा होता. आम्ही प्रत्येक पिशवीच्या नळीचा एक तुकडा रक्त दिल्यानंतर सात दिवस जपतो. तेरा दिवस उलटल्याने तो टाकून दिलेला होता. रजिस्टरवरून दाता शोधला. एटापल्ली तालुक्यातला सव्वीस वर्षांचा गडी, मुलीचा नातलग, अंगाने भरलेला. त्याच्या पिशवीचे किट निर्दोष होते आणि काचही निर्दोष होती. अर्जावर "मलेरिया झाला होता का?" या प्रश्नापुढे "नाही" असे होते. बोलता बोलता कळले की दिवाळीनंतर त्याला दोन दिवस ताप होता, आशाताईने गोळ्या दिल्या होत्या, पहिल्या दिवसाच्या घेऊन बाकीच्या त्याने घराच्या वळचणीला खोचून ठेवल्या होत्या. तो खोटे बोलला नव्हता. त्याच्या लेखी तो "ताप" होता आणि मलेरिया हा सरकारी गाडीवर लिहिलेला शब्द होता. त्याच्या तीन काचा केल्या. दोन कोऱ्या, तिसरीवर बराच वेळ पाहिल्यावर दोन जंतू. बाहेर पाठवलेली पीसीआर तपासणीही फाल्सिपेरमचीच आली. त्यालाही पुरा उपचार दिला.

मुलीला तो जंतू रक्तातूनच आला, हे मी शपथेवर सांगणार नाही. तीही हिवतापाच्या मुलखातली आहे, आणि दोघांच्या जंतूंचे वाण जुळवून पाहिल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. पण तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत दोन महिन्यांत एकही रुग्ण नव्हता. माझा कल कुठे आहे ते तुम्ही ओळखाल.

त्यानंतर आम्ही दात्याला "मलेरिया" हा शब्द विचारत नाही. माडिया बोलणारी आमची परिचारिका शेजारी बसते आणि विचारते: शेवटचा ताप कधी आला? आशाताईने बोटातून रक्त घेतले का? गोळ्या किती दिवस खाल्ल्या? जंगलात मुक्काम होता का? तेंदूपानाच्या हंगामात हा शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा ठरतो. आणि रक्त घेतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हातात एक पिवळे कार्ड देतो: चार आठवड्यांत ताप आला, तर कुठेही जा, पण "रक्त चढवले होते" असे सांगा आणि हिवतापासाठी रक्त तपासा. रक्त चालू असताना किंवा त्यानंतर काही तासांत आलेला ताप बहुधा वेगळ्या कारणाचा असतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी आलेल्या तापाला मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसऱ्या परजीवींविषयीही थोडे. आमच्या जिल्ह्यात हत्तीरोग आहे. त्याच्या बारीक अळ्या रक्तातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, पण डासाच्या पोटात गेल्याशिवाय त्यांची पुढची वाढ होत नाही. रुग्णाला हत्तीरोग होत नाही, क्वचित अंगाला खाज किंवा ताप येतो आणि त्या अळ्या काही काळाने मरतात. त्या रात्रीच रक्तात उतरतात, दिवसा घेतलेल्या रक्तात बहुधा दिसत नाहीत. बिहारकडचा काळा आजार रक्तातून जाऊ शकतो, पण क्वचित. परदेशात राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना मात्र दोन नावे ऐकू येतील: दक्षिण अमेरिकेतला चागास रोग, आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडीतून येणारा बॅबेसिया. हा बॅबेसियाही हिवतापासारखाच तांबड्या पेशीत राहतो. तिथल्या काही राज्यांत 2019 पासून रक्तदात्यांची त्यासाठी तपासणी करण्याची शिफारस आहे.

या वर्षी येणाऱ्या तरुणांना एवढेच सांगायचे आहे. शक्य असेल तर रक्तदान करून मग इकडे या. परतल्यावर शिबिरात कुठे राहिलात आणि कोणत्या तारखेला परतलात, ते विचारण्याआधी सांगा. हिवताप टाळण्याच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या जंतूला काही काळ दाबून ठेवतात आणि ताप उशिरा येऊ शकतो. आणि परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन झोपू नका, त्याच दिवशी काचपट्टी करून घ्या.