खोली मिळाली, पुढे काय?

मालवणच्या छोट्या अतिथीगृहात खोली ठरली की मालकाचा ईमेल येतो. पाहुण्याचा पहिला प्रश्न त्यातच सुटायला हवा. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कुडाळला पोचते. खोली मात्र दुपारी १२ला मिळणार. म्हणून नुसती वेळ कळवून भागत नाही. ‘लवकर आलात तर सामान ठेवा, अंघोळ उरका, गरम घावणे तयार असतील,’ एवढं लिहिलं की आपुलकी आपोआप येते.

रस्ता नकाशाच्या दुव्यावर सोडू नये. आतल्या वाडीत रेंज जाते आणि गाडी भलत्याच पाणंदीत शिरते. शेवटचा किलोमीटर शब्दांत सांगावा: देवळानंतर डावीकडे, विहिरीपुढचं निळं फाटक.

खरे वाद होतात ते रद्द करण्यावरून. ‘सात दिवस आधी’ म्हणजे नक्की कधी, यावर दोघांचे हिशेब वेगळे. मुक्काम १४ डिसेंबरचा असेल तर सरळ लिहावं: ‘७ डिसेंबरच्या संध्याकाळी ६पर्यंत कळवलंत तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, त्यानंतर निम्मी.’ ही अट गोड शब्दांत झाकू नये. आणि पाहुण्यांनो, पैसे भरण्याआधी ही तारीख मागून घ्या.